मदत हवी आहे: लागोपाठचे प्रभारित थेंब जागेवर का पडत नाहीत?

शाईची अखंड धार सोडणाऱ्या प्रिंटरचं गणित मांडतोय. धार तुटून थेंब सुटतो त्या क्षणी इलेक्ट्रोडवर जितका व्होल्टेज, तितका प्रभार थेंबावर बसतो. पुढे थेंब वळवणाऱ्या दोन पट्ट्यांमधलं विद्युत क्षेत्र कायम असतं, म्हणजे थेंब कुठे पडणार ते प्रभारच ठरवतो. बिनप्रभाराचे थेंब सरळ जाऊन शाई परत गोळा करणाऱ्या गटरमध्ये पडतात.

माझे आकडे: वस्तुमान 10⁻¹⁰ किलो, प्रभार 2×10⁻¹³ कूलॉम, वेग 20 मी/से, पट्ट्या 2 सेंमी लांब, क्षेत्र 10⁶ व्होल्ट प्रति मीटर. त्वरण qE/m = 2000 मी/से². थेंब पट्ट्यांमध्ये 1 मिलिसेकंद असतो, तेवढ्यात 1 मिमी वळतो. बाहेर पडताना आडवा वेग 2 मी/से, म्हणून पुढच्या 2 सेंमीत आणखी 2 मिमी. एकूण 3 मिमी; प्रभार निम्मा केला की 1.5 मिमी. (गुरुत्वाकर्षण सोडून दिलंय, त्याने फार तर 0.02 मिमीचा फरक पडतो.)

एकटा थेंब साधारण तिथेच पडतो. पण लागोपाठ दोन थेंबांना सारखाच व्होल्टेज दिला की दुसरा चुकतो. मला तीन कारणं सुचतात: पुढचा प्रभारित थेंब जवळच असल्याने मागच्यावर मुळात कमी प्रभार बसतो; दोघे एकमेकांना ढकलतात; किंवा मागच्याला हवेचा विरोध कमी होतो. मध्ये बिनप्रभाराचा थेंब सोडला की चूक कमी होते, पण त्याने तिन्ही परिणाम एकदमच घटतात. हे वेगवेगळे कसे मोजायचे? आणि व्होल्टेजमध्ये भरपाई करायची तर मागचे किती थेंब धरावेत?