मदत हवी आहे: सहलीवरची रोजनिशी लिहिली, पाचपैकी दोन गुण मिळाले. चूक नेमकी कुठे झाली?

गोदाकाठची_आई
नमस्कार. लेक आठवीत आहे, आम्ही नाशिकला राहतो. घटक चाचणीत मराठीच्या पेपरला प्रश्न होता: "तुमच्या शाळेची सहल नुकतीच जाऊन आली. त्या दिवसाची आठवण सांगणारी रोजनिशीतील नोंद १०० ते १२० शब्दांत लिहा."

शाळेची सहल जानेवारीत खरोखरच नांदूर मधमेश्वरला जाऊन आली होती. त्यामुळे पोरगी खुशीत होती. पेपर हातात आला तेव्हा दोन गुण होते आणि खाली लाल शाईत शेरा होता, "हा निबंध झाला." शुद्धलेखनाची चूक एकही नाही. तिने लिहिलेलं जसंच्या तसं देते:

"शनिवार, १७ जानेवारी २०२६. विद्यार्थी जीवनात सहलीला अनन्यसाधारण महत्त्व आहे. मागच्या आठवड्यात आमच्या शाळेची सहल नांदूर मधमेश्वर येथे गेली होती. हे पक्षी अभयारण्य निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमावर आहे. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. सकाळी आम्ही बसने निघालो. माझ्यासोबत माझी मैत्रीण सई होती. आम्ही गाणी म्हटली. तेथे आम्ही विविध पक्षी पाहिले. नंतर आम्ही जेवण केले व खेळ खेळलो. सहलीमुळे निसर्गाविषयी प्रेम वाढते. अशी ही सहल मी कधीच विसरणार नाही."

माहिती सगळी बरोबर आहे, वर तारीखही घातली आहे. मग गेलं कुठे? वार्षिक परीक्षेला हाच प्रकार पुन्हा येईल असं बाईंनी सांगितलंय.

सातपूरकर
ताई, हा फॉरमॅटचा मामला आहे. तारीख, वार, वेळ, त्याखाली "प्रिय रोजनिशी", शेवटी "तुझीच" आणि नाव. अर्धे गुण त्याचेच असतात. वेळ आणि संबोधन नाही म्हणून कापले. तेवढं घातलं की प्रश्न मिटला.

निफाडचा_पक्षीवेडा
नांदूर मधमेश्वरला शाळांनी पोरं न्यायला सुरुवात केली हे वाचून फार बरं वाटलं. बस चापडगावच्या बाजूने गेली होती का? पुढच्या वेळी शक्य तितक्या पहाटे निघायला सांगा. आणि डबा मनोऱ्याजवळ उघडू देऊ नका, प्लास्टिक सगळं पाण्यात जातं.

गोदाकाठची_आई
दादा, सहल होऊन गेली, आता पेपरचं चाललंय :) पण सांगते बाईंना.

जुना_तपासनीस
मी तीस वर्षं मराठी शिकवलं, पेपरही पुष्कळ तपासले. सातपूरकर, तारीख-वार-वेळ हवेच, तिथे तुमचं बरोबर आहे. पण "तुझीच" आणि नाव हे पत्राचं अंग आहे. रोजनिशीत सही कोण कुणासाठी करणार? आणि या मुलीच्या उत्तराला डोक्यावर वेळ आणि पायाशी नाव लावलं तरी मी दोनाचे अडीच केले असते, तीन नाही.

ताई, तुमच्या मुलीचं वाक्य बघा: "मागच्या आठवड्यात सहल गेली होती." वर तारीख सहलीचीच आहे. म्हणजे १७ तारखेला बसून ती १७ तारखेला "मागचा आठवडा" म्हणते आहे. तपासणाऱ्याला तिथेच कळतं की तारीख नुसती चिकटवली आहे. रोजनिशी लिहिणारा माणूस त्याच रात्री, घरी येऊन, दमलेला, कुठेतरी टेकून लिहीत असतो. दिवसभर झालेलं सगळं त्याला साध्या भूतकाळात येतं, "गेलो, पाहिलं". शरीराला जे अजून जाणवतंय ते वर्तमानकाळात येतं, "पाय दुखतायत". आणि उद्याचं भविष्यकाळात. हे तिन्ही काळ एका नोंदीत आपोआप येतात. निबंधात सगळं एका सपाट भूतकाळात जातं आणि शेवटी "सहलीमुळे प्रेम वाढते" असा कायमचा नियम येतो. घरी पडताळायचं असेल तर वरची तारीख बोटाने झाका आणि उरलेलं वाचा. शाळेच्या वार्षिक अंकात निबंध म्हणून ते छापता आलं, तर ती रोजनिशी नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वाचणारं कोण आहे. ती स्वतःच आहे. मग "माझी मैत्रीण सई" हे कुणाला सांगते? तिच्या वहीला सई माहीत आहे, नुसतं "सई" पुरे. निफाड तालुका, रामसर, हेही तसंच. माहिती खोटी नाही, पण रात्री साडेनऊला कुठलं पोर स्वतःला तालुका सांगतं? ती कुणाच्या तोंडून कानावर आली असेल आणि तिला त्यात गंमत वाटली असेल, तरच येऊ द्यावी.

आता एक करा. तिला पेपरबद्दल काही विचारू नका. सहलीहून आली त्या संध्याकाळी चप्पल काढता काढता ती पहिलं काय बोलली, तेवढं आठवा आणि इथे लिहा.

पाथर्डी_फाटा
माझ्या मुलाचं अगदी असंच झालं होतं, सर. त्यांची सहल पांडवलेण्याला होती. त्याने चोवीस लेण्यांचा हिशोब लिहिला, त्यात गौतमी बलश्रीचा शिलालेखही घातला. बाई म्हणाल्या, इतिहासाच्या पेपरला लिही. मला तेव्हा राग आला होता, कारण पाठांतर मीच करून घेतलं होतं. खरं तर तो दिवसभर एका कुत्र्याबद्दल बोलत होता. ते पायऱ्या चढून वरपर्यंत पोरांच्या मागे आलं होतं. ते लिहायला हवं होतं का?

जुना_तपासनीस
हो, तेच लिहायचं. शंभर-सव्वाशे शब्द म्हणजे वहीच्या बारा-चौदा ओळी. त्यातल्या निम्म्या त्या कुत्र्याला द्यायच्या. पूर्ण दिवस बसवायला गेलं की "बसने गेलो, पक्षी पाहिले, जेवलो, खेळलो" अशी क्रियापदांची माळ होते.

गोदाकाठची_आई
सर, आठवलं! ती दारातूनच ओरडली होती, "आजोबा, मी पाण्यातले वारकरी बघितले!" काळा पक्षी असतो, कपाळावर पांढरा ठिपका, त्याला वारकरी म्हणतात म्हणे. माझे सासरे त्र्यंबकहून निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला जातात, म्हणून तिला एवढं अप्रूप.

निफाडचा_पक्षीवेडा
बरोबर आहे, वारकरीच. कुणी चांदवाही म्हणतं. शिकारी पक्षी वर आला की हे पाण्यावर एकमेकांना खेटून गोळा होतात. तिने ते पाहिलं का विचारा, ते बघायला मिळणं भाग्याचं.

गोदाकाठची_आई
पाहिलंय! काल तिला सगळं तोंडी सांगायला लावलं, मग म्हटलं आता हेच लिही. तिचं नवं:

"शनिवार, १७ जानेवारी २०२६
रात्री ९.३०

आत्ता अंथरुणात बसून लिहितेय. पाय अजून गार आहेत.

आज नांदूर मधमेश्वरला गेलो. बसमध्ये गाणी म्हणून घसा बसला, पण मनोऱ्यावर चढल्यावर कुणी एक शब्द बोलेना. माझा नंबर आला तेव्हा दुर्बिणीत फक्त पाणी दिसलं. मग एक काळा पक्षी मधोमध आला, कपाळावर पांढराशुभ्र ठिपका. 'हा वारकरी,' गाइडकाका म्हणाले. मला वाटलं चेष्टा करताहेत. तेवढ्यात वरून एक मोठा पक्षी घिरट्या घालत आला आणि लांबलांब पोहणारे सगळे वारकरी एका जागी गोळा झाले, अगदी खेटून. सई मागून माझा स्वेटर ओढत होती, तरी मी जागा सोडली नाही. उद्या तिला सॉरी म्हणायचंय.

आजोबा दरवर्षी निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला जातात. घरी आल्याबरोबर त्यांना सांगितलं, तर म्हणाले, 'मग तुला जानेवारीतच वारी घडली.'

लाइट बंद करायला आई आली. बाकीचं उद्या."

जुना_तपासनीस
"उद्या तिला सॉरी म्हणायचंय" हे वाक्य मी दोनदा वाचलं. असं वाक्य पाठ करून येत नाही. शेवटही छान सुटला आहे. "कधीच विसरणार नाही" म्हणायची गरजच पडली नाही.

एकच जागा खटकते. "आजोबा दरवर्षी पालखीबरोबर जातात" हे ती कुणाला सांगते आहे? स्वतःला ते लहानपणापासून माहीत आहे. पण अडचण अशी की तपासणाऱ्याला ते माहीत नाही आणि ते कळल्याशिवाय आजोबांच्या बोलण्यातली गोडी त्याला लागणार नाही. अशा वेळी माहिती वेगळ्या वाक्यात मांडायची नाही, चाललेल्या वाक्याच्या पोटात घालायची. उदाहरणार्थ, "घरी आल्याबरोबर आजोबांना सांगितलं. इतकी वर्षं पालखीत चाललेला माणूस, पण पाण्यातले वारकरी त्यांनीही ऐकले नव्हते. म्हणाले..." माझे शब्द घेऊ नका, आजोबा तेव्हा कसे दिसले ते तिला विचारा.

सातपूरकर
सर, मान्य, सही पत्राची. पण "प्रिय रोजनिशी" आमच्या मुलांना शाळेत सक्तीने शिकवलंय, नसलं तर अर्धा गुण जातो. आणि दुसरं, तिने "दिसलं, वाटलं, सांगितलं" लिहिलंय. परीक्षेत "दिसले, वाटले" असं प्रमाण रूप नको का?

जुना_तपासनीस
संबोधनाबद्दल वाद घालणार नाही. तुमच्या शाळेत मागत असतील तर दोन शब्द लिहावेत, त्याने नोंद बिघडत नाही. ताईंनी मात्र त्यांच्या बाईंना विचारावं.

"दिसलं"चं अवघड आहे. शुद्धलेखनाच्या नियमांत बोलण्यातल्या भाषेसाठी अनुस्वाराचं रूप चालतं, इतर लेखनात "दिसले". रोजनिशी म्हणजे स्वतःशी बोलणंच, म्हणून मी ते कधी कापलं नाही. पण माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे एक सर प्रत्येक अनुस्वाराला गोल करायचे, आणि त्यांचंही म्हणणं अगदीच चूक नव्हतं. निदान मिसळ नको. पहिल्या ओळीत "दिसलं" आणि चौथ्या ओळीत "म्हटले" असं झालं तर दोघंही गुण कापू.

गोदाकाठची_आई
सोमवारी शाळेत जाते आहे, दोन्ही गोष्टी बाईंना विचारते आणि इथे कळवते. आजोबांचं विचारलं तिला. म्हणाली, "त्यांनी चष्मा काढला आणि पुसला, काही बोललेच नाहीत आधी." तेच आता वहीत लिहीत बसली आहे.

पाथर्डी_फाटा
नक्की कळवा ताई. आमच्याकडे कुत्र्याचं चालू आहे, पण तो "गेलेलो" लिहितो. त्याचं काय करायचं?