मदत हवी आहे: १/u - १/v ग्राफचे दोन इंटरसेप्ट वेगळे येतायत

बारावीचं बहिर्वक्र भिंगाचं प्रॅक्टिकल, ऑप्टिकल बेंचवर दोन सुया लावून केलं. u २० ते ४५ सेमी घेतला, ३० ला v २९.६ आला. ग्राफ सरळ रेषाच आहे, पण १/u अक्षावरून f १५.३ निघतो आणि १/v अक्षावरून १४.५, म्हणजे उतार -१ पेक्षा जरा जास्त तिरका. लांबच्या झाडावरून अंदाजे १५ आला होता. दोन्ही अक्ष शून्यापासूनच घेतलेत (पहिल्यांदा तीच चूक केलेली), पॅरलॅक्सही परत काढून बघितला. इंडेक्स करेक्शन मात्र घ्यायचं राहिलं आणि आता बेंच परत मिळणार नाही. भिंगाची खूण ०.४ सेमी सरकलेली धरली तर u तेवढा जास्त नि v तेवढा कमी मोजला गेला असणार, मग दोन्ही f बरोबर जुळतात. तर ही ०.४ ची दुरुस्ती ग्राफवरूनच काढून सगळ्या रीडिंगला लावलेली चालेल का, की सरळ दोन्ही f ची सरासरी १४.९ लिहू?