केळीच्या बागेतला बिबट्या: दाखवायचा की नुसता ऐकवायचा?

रानजाई
आठ मिनिटांची शॉर्टफिल्म आहे. चोपडा तालुक्यातली केळीची बाग, रात्रीची थ्री-फेज लाइट, मोटर चालू करायला आलेला एकटा माणूस, शेजारच्या गोठ्यात बांधलेलं वासरू. शेवटी फाडलेलं वासरू दाखवायचं असा दिग्दर्शकाचा हट्ट आहे, मेकअपवाल्याने त्याचे आठ हजार सांगितलेत. माझं म्हणणं, काही दाखवू नका, अंधार आणि आवाज पुरे. पण कच्चं एडिट ज्यांनी पाहिलं ते म्हणतात, मधली तीन मिनिटं बोअर होतात. चुकतंय कुणाचं?

कापूसकोंडा
दिग्दर्शकाचं बरोबर आहे. आठ मिनिटं माणसाला अंधारात बसवायचं आणि शेवटी हातावर तुरी? आणि ही फिल्म कुठे दाखवणार तेही बघा. मंडळाच्या पटांगणात पडद्यामागे जनरेटर धडधडत असतो, पोरं कुरकुरे फोडत असतात. तिथे तुमची शांतता कुणाला ऐकू येणार? एक दणदणीत आवाज, त्याच्यावर ते वासरू, की सगळं पटांगण दचकतं.

तापीकाठ
दचकवणं आणि ताणून धरणं ही दोन वेगळी कामं आहेत, भाऊ. दचकलेला माणूस दोन सेकंदांत हसायला लागतो. पण पटांगणाचा मुद्दा खरा आहे, त्याच्याकडे येतो.

रानजाई ताई, शांतता जास्त झाली म्हणून तुमची तीन मिनिटं बोअर होत नसावीत. ती तयारच झाली नसावी, असा माझा अंदाज आहे. शांतता ऐकू यायची तर तिच्याआधी काहीतरी सतत वाजत असावं लागतं. तुमच्याकडे ते आयतं आहे: मोटर. तिची घरघर किमान ४०-५० सेकंद सलग ठेवा, मध्ये पार्श्वसंगीत घालू नका, संवाद तिच्यावरून बोलू द्या. इतक्या वेळात प्रेक्षकाचा कान तिला विसरतो. मग लाइट जाते.

इथे बहुतेक जण मोटरचा आवाज कात्रीने कापल्यासारखा तोडतात, आणि तो एडिटमधली चूक वाटतो. खरी मोटर कशी थांबते ते ऐका. आधी स्टार्टर खटकन पडतो. मग घरघर खाली खाली येत दोन-तीन सेकंदांत विरते. आणि मग पाइपातलं पाणी मागे येऊन व्हॉल्व्हवर धप्पकन आपटतं. त्या धप्पने माणूस दचकतो, पण ती फसवणूक नाही, ती त्या जागेचीच आहे. त्यानंतर जी रात्र उरते, ती शांतता.

एक विचारायचं राहिलं: मोटर विहिरीवरची मोनोब्लॉक आहे की बोअरमधली सबमर्सिबल? सबमर्सिबल असेल तर वर घरघर येतच नाही. मग स्टार्टरच्या पेटीतला गुंईं आवाज आणि टाकीत पडणारी पाण्याची धार यांवर तोच खेळ करावा लागेल.

खापरपोळी
म्हणजे लाइट गेली की तिथून पुढचा ऑडिओ ट्रॅक डिलीट करायचा ना? सोपं आहे की. यूट्यूबवर कॉपीराइटची पण कटकट नाही.

तापीकाठ
नाही नाही, डिलीट अजिबात नको! पूर्ण शून्य आवाज आला की माणूस मोबाइल कानाला लावून बघतो, स्पीकर बिघडला का म्हणून. तिथेच तो गोष्टीच्या बाहेर गेला. शांतता म्हणजे त्या जागेचा हलका आवाज: लांबचे रातकिडे, केळीच्या फाटक्या पानांची खरखर. हा त्याच बागेत, त्याच वेळी, सगळ्यांना गप्प उभं करून दोन मिनिटं वेगळा रेकॉर्ड करा. रेकॉर्डरचं ऑटो गेन बंद ठेवा, नाहीतर शांत झालं की यंत्र आपणहून आवाज वर ओढतं आणि सगळीकडे सूंऽ ऐकू येतं.

मीटरवर मोटर साधारण -१८ डेसिबलला वाजत असेल तर नंतरची रात्र -४० च्या आसपास ठेवा. हे हेडफोन आणि घरातल्या स्पीकरसाठी. कापूसकोंडा म्हणतात त्या पटांगणासाठी दुसरी मिक्स काढावी लागेल: रात्र -२८, -३० पर्यंत वर, आणि मोटर अजून थोडी मोठी. जनरेटरच्या वर ती रात्र निघत नसेल, तर तिथे हे तंत्र चालणार नाही, हे मान्य.

कापूसकोंडा
चला, निदान मान्य तरी केलं.

रानजाई
मोटर मोनोब्लॉक आहे, नशीब. वासराच्या गळ्यातली घंटी मी तीन वेळा वाजवली आहे. लाइट गेल्यावर रातकिडेही एकदम बंद केलेत. तरी भीती वाटत नाही.

सातपुडा पायथा
रातकिड्यांचं मी सांगतो. सगळं रान एका झटक्यात गप्प होत नाही, म्हणून ते खोटं वाटतं. रातकिडा गप्प होतो तो जवळ पाऊल पडल्यावर, जमिनीच्या हादऱ्याने. म्हणजे गोठ्याजवळचे बंद होतील, नाल्यापलीकडचे ओरडतच राहतील. दोन थर वेगळे ठेवा आणि फक्त जवळचा काढा. खेड्यातल्या प्रेक्षकाला काही न सांगता कळतं, की जवळ कुणीतरी चालतंय.

दुसरं, टिटवी घ्या. मोकळ्या रानात जमिनीवर बसते आणि रात्री कुणी जवळून गेलं की ओरडत उठते. आपल्याकडे तिचं ओरडणं अशुभ मानतात, तो बोनस. पहिली नाल्याकडे लांब, मग काही वेळाने दुसरी बांधावर. फ्रेममध्ये फक्त माणसाचा चेहरा. प्राणी कुठून कुठे आला, हे टिटवीनेच सांगितलं.

तापीकाठ
हे उत्तम. जवळ-लांब दाखवताना एक चूक टाळा: उघड्या रानात हॉलसारखा घुमणारा इफेक्ट लावू नका. केळीच्या बागेत घुमायला भिंतच नसते. लांबचा आवाज म्हणजे हळू आवाज, आणि त्यातला टोकदारपणा काढलेला. डावा-उजवा स्पीकर यावरही भिस्त नको, पटांगणात दोन्हीकडून एकच आवाज येतो. तसंच पोटात घुमणारा खर्ज मोबाइलच्या स्पीकरवर जवळजवळ ऐकूच येत नाही, त्यामुळे भीती त्याच्यावर टांगू नका.

आता घंटी. तीन वेळा वाजवली, पण तीन वेळा एकसारखीच वाजवली असणार. पहिल्यांदा ती फ्रेममध्ये दिसू द्या, उजेडात: वासरू मान हलवतं, घंटी वाजते, माणूस त्याला थोपटतो. ही ओळख. दुसऱ्यांदा मोटर चालू असताना फ्रेमबाहेरून, अर्धवट, माणूस लक्षही देत नाही. लाइट गेल्यावर १२-१५ सेकंद नुसती रात्र, आणि मग तिसऱ्यांदा घंटी. पण गोठ्याकडून नाही, बागेतून. एकदाच. तीही दबकी, जणू कुणी धरून ठेवल्यासारखी. माणूस गोठ्याकडे बघत असतो आणि हळूच मान वळवतो. यात नवीन चित्र एकही नाही. प्रेक्षकाला जे आधी शिकवलं, तेच फक्त जागेवरून हललं.

१५ सेकंदांच्या पुढे मात्र काही नवीन न देता ताणू नका. तुमची बोअर होणारी तीन मिनिटं बहुधा इथलीच आहेत.

कापूसकोंडा
ऐकायला छान. पण शेवटी बॅटरी मारल्यावर दिसणार काय? काहीच नाही? एवढं वचन दिलं तर फेडायला लागतं.

सातपुडा पायथा
फेडायचंच आहे, पण फाडलेलं वासरू हे उत्तर खोटं आहे. बिबट्या बहुतेकदा गळा धरून मारतो आणि शिकार आडोशाला ओढून नेतो. गोठ्यात रक्ताचं थारोळं घालून तो निघून जात नाही. आठ हजार वाचवा.

कापूसकोंडा
प्रेक्षक काय वनखात्याचा पंचनामा करायला बसलाय? त्याला काहीतरी *बघायचं* असतं. डोळे तरी चमकवा अंधारात.

उजेड-अंधार
कॅमेऱ्याच्या बाजूने सांगते. बघायला मिळेल, पण तुकड्या-तुकड्याने. एकच शॉट, २५-३० सेकंद, उजेड फक्त त्याच्या हातातल्या बॅटरीचा. गव्हाण, मग मोकळी जमीन, मग खुंटा. उजेड खुंट्यावरून पुढे जातो, दोन सेकंद भिंतीवर थांबतो आणि मागे येतो. प्रेक्षकाने दावं त्याच्या आधी बघितलेलं असतं. ते दोन सेकंद सगळ्यात जड.

बिघडतं ते तीन ठिकाणी. मोबाइलवर शूट करत असाल तर एक्सपोजर लॉक करा, नाहीतर उजेड बाजूला गेला की फोन अंधार आपोआप उजळवतो आणि अख्खा गोठा दिसतो. एलईडी बॅटरी मंद ठेवली की चित्रात पट्टे येतात. ती पूर्ण ठेवा आणि पुढे बटर पेपर लावा, आणि एक चाचणी शॉट आदल्या रात्री घ्याच. तिसरं नटाचं: खुंटा कुठे आहे ते त्याला माहीत असतं, म्हणून उजेड सरळ तिथेच जातो. प्रत्येक टेकला खुंटा हलवा, त्याला सांगू नका.

आणि एडिटमध्ये दाव्याचा क्लोजअप जोडू नका. ‘हे बघा’ म्हटलं की शोधण्यातली मजा गेली.

कापूसकोंडा
म्हणजे शेवट रिकामं दावं. ठीक आहे, काहीतरी दिसतं तरी. मी तरी पाच सेकंद डोळे चमकवीनच, पटांगणासाठी.

तापीकाठ
डोळे चमकले की प्राणी तिथे आहे हे ठरलं. मग घंटीत दम राहत नाही. तुम्ही दोन्ही शेवट काढून बघा, माझं मत बदलेल असं वाटत नाही.

उजेड-अंधार
ताई, दाव्याचं टोक कसं ठेवलंय? तोच तुमचा शेवट आहे, म्हणून विचारते.

रानजाई
आत्ता सेटचा फोटो मोठा करून बघितला. टोक एकदम सपाट आहे. कुणीतरी विळ्याने कापलंय.

सातपुडा पायथा
मग तो बिबट्या नाही, चोर आहे. ओढलेलं दावं पिळात तुटतं, तंतू लांब-आखूड होतात, गाठ आवळून दगडासारखी होते. नवं दावं घ्या, खुंट्याला बांधून दोघांनी हिसके देऊन तोडा.

कापूसकोंडा
थांबा थांबा. चोर असेल तर गोष्ट जास्त चांगली नाही का होत? प्रेक्षक आठ मिनिटं बिबट्या ऐकतो आणि शेवटी उजेड पडतो तो विळ्याने कापलेल्या टोकावर.

रानजाई
दिग्दर्शकाला फोन लावते.