मदत हवी आहे: चौरिस सॉसेज, जुनं चीज, रेड वाईन, मायग्रेनसाठी वेगवेगळं कसं तपासू?

मी वेंगुर्ल्याची. डॉक्टरांनी मायग्रेनच सांगितलंय, रोजची गोळी चालू नाही. गोव्याहून पाहुणे आले की एकाच जेवणात चौरिस, जुनं चीज नि रेड वाईन, आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यामागे ठणका. पण त्याच रात्री जागरण असतं, जेवण उशिरा होतं, कधी पाळीही तोंडावर असते, मग दोष कोणाला द्यायचा? तिन्ही बंद करून बघितलं, त्रास कमी झाला पण तेव्हा झोपही नीट होत होती. वहीत खाणं, झोप, पाळी, दुखणं सुरू झाल्याची वेळ लिहिते, काही खायची तीव्र इच्छा झाली तर तीही, कारण कधीकधी ती अटॅकचीच सुरुवात असते आणि आपण उगाच त्या पदार्थाला धरतो.

आता एकेक पदार्थ, दरवेळी तेवढाच, पाळीपासून लांबच्या दिवशी, वेळेवर जेवून-झोपून खायचा आणि 24 तास बघायचं ठरवलंय. सुकी मासळीही जुन्या चीजसारखीच संशयित, म्हणून तेवढे दिवस तीही बंद.

ज्यांनी असं केलंय त्यांनी सांगा, एक पदार्थ किती वेळा खाऊन बघितल्यावर निकाल पक्का धरलात, नि दोन चाचण्यांमध्ये किती दिवस ठेवलेत? वाईन एकटी चालते पण चीजबरोबर त्रास होतो असं असेल तर ते कसं पकडायचं?