शब्दचर्चा : ‘चिबडाचे’ शेत म्हणजे पाण्याचे की फळाचे?

कागदवाचक :
इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याखाली येणाऱ्या एका गावातील शेतनावांची यादी मी करीत आहे. सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो. तो बहुधा रिकामाच आढळतो, परंतु या गावात बऱ्याच उताऱ्यांवर तो भरलेला आहे. शेरी, पाटाखालचे, बुडकीचे, कुरणाचा माळ ही नावे फारशी अडली नाहीत. अडचण आली ती ओढ्याकाठच्या ‘चिबडाचे’ या नावापाशी. त्यापुढे मी ‘पाणी मुरत नसल्यामुळे पीक जळणारी जमीन’ असा अर्थ लिहिला होता. गावातील एका वयस्कर गृहस्थांनी तो साफ नाकारला आणि तेथे पूर्वी चिबडांचे वेल असत म्हणून ते नाव पडले, असे सांगितले. एका जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर हेच नाव ‘चिबुडाचे’ असेही दिसते. याच शेताच्या वरच्या अंगाला ‘दुमोटी’ नावाची विहीर आहे. दोहोंपैकी कोणता अर्थ धरावा, आणि तो कशाच्या आधारे ठरवावा?

सड्यावरचा :
यात शंकेला जागा कोठे आहे? चिबूड हे फळच आहे आणि आमच्या कोकणात ते न ओळखणारा माणूस सापडणार नाही. पिकांवरून जागेला नाव पडणे सर्वत्र चालते. आमच्या डोंगराच्या एका उतरणीला ‘दळी’ म्हणतात. आता तेथे दाट झाडी आहे, आणि गावातील मुलांना वाटते की तेथे कोणीतरी दळण दळीत असे. वास्तविक दळी म्हणजे डोंगरउतारावर झाडोरा तोडून, भाजून नाचणी-वरी करण्यासाठी दिलेला तुकडा. तेथील नाचणी कधीच संपली, नाव मात्र टिकले. आपल्या गृहस्थांचे म्हणणे मानून मोकळे व्हावे.

बांधकरी :
सड्यावरचा यांना कालव्याखालची जमीन ठाऊक नसावी. आम्ही कृष्णाकाठचे लोक. आमच्याकडे ‘रान चिबडले’ हे वाक्य प्रत्येक पावसाळ्यात ऐकू येते आणि त्याचा फळाशी कोणताही संबंध नसतो. काळी, खोल जमीन, त्यात बारमाही ऊस आणि पाटाचे पाणी हवे तितके, असे झाले की खालच्या अंगाचे रान चिबडतेच. नीरा डाव्या कालव्याचे पाणी 1885 मध्ये सुरू झाले आणि हे नाव त्यानंतरचेच असणार. कालवा नसता तर चिबडही नसते, इतके हे सरळ आहे.

शुद्धमती :
व्याकरणाचा मुद्दा येथे कोणी मांडला नाही, म्हणून लिहिते. लाकूड–लाकडाचे, कापूस–कापसाचे, तसेच चिबूड–चिबडाचे. म्हणजे फळाचे षष्ठीचे रूप ‘चिबडाचे’ असेच होणार. ‘चिबड’ हे जमिनीचे नाम धरले तरी रूप ‘चिबडाचे’च होते. दोन्ही शब्द सामान्यरूपात एकमेकांत मिसळून जातात, त्यामुळे केवळ उताऱ्यावरील अक्षरांतून निकाल लागणार नाही. ‘चिबुडाचे’ हे रूप नियमाला धरून नाही, पण तसे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ‘चिबूड’ हा शब्द होता, एवढे मात्र त्यावरून म्हणता येते. शिवाय आपल्या यादीत प्रांतिक शब्द तसेच ठेवण्याऐवजी ‘पाणथळ’ हा सर्वांना समजणारा शब्द वापरावा, अशी माझी सूचना आहे.

निरगाठ :
मी भूमापनाच्या कामात बरीच वर्षे घालवली आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

शुद्धमती यांचा रूपाचा मुद्दा पक्का आहे. मात्र ‘चिबुडाचे’ लिहिणाऱ्याच्या मनात काय होते यावर फार भर देऊ नये. उतारे हाताने पुन्हा पुन्हा उतरवले गेले, आणि बाहेरगावाहून आलेल्या लिहिणाऱ्याने अनोळखी शब्द आपल्या ओळखीच्या शब्दाकडे वळवला, असे मी अनेकदा पाहिले आहे.

बांधकरी यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. कालव्यांनी जमिनी चिबडल्या हे नाकारता येत नाही, परंतु चिबड ही काही कालव्याने जन्माला घातलेली गोष्ट नव्हे. ओढ्यालगतच्या खोलगट भागात, खाली चिकण थर असेल तर, श्रावणापासून कार्तिकापर्यंत पाणी वरच राहते. ज्वारी पिवळी पडते, मुळे कुजतात आणि लव्हाळा माजतो. या दोन प्रकारांतील फरक उन्हाळ्यात कळतो. नैसर्गिक चिबड चैत्रात वाळून भेगाळते. कालव्याच्या पाझराने चिबडलेल्या रानात मात्र भर उन्हाळ्यातही हात-दोन हात खणले की पाणी लागते, आणि न कसलेल्या जागी क्षाराचे पांढरे फूल येते.

आता कागदवाचक यांच्या प्रश्नाकडे येतो. आपला तालुका या कामासाठी फार सोयीचा आहे, कारण गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांची मोजणी आणि आकारणी 1836 च्या सुमारास इंदापुरातूनच सुरू झाली. त्या आकारणीची तीस वर्षांची मुदत संपल्यावर जी फेरपाहणी झाली, तीही कालव्याच्या आधीची. या पद्धतीत शेताचे कागदावर लहान भाग पाडून प्रत्येक भागातील मातीची जात आणि खोली पाहत, आणि दोष असल्यास तेथे ठरावीक चिन्ह करून त्या भागाच्या जमिनीची प्रत खालची धरीत. चुनखडी, वाळू, उतार यांच्याप्रमाणेच पृष्ठभागावर जास्त पाणी राहणे हाही त्या दोषांपैकी एक होता. तेव्हा आपण प्रतवारीच्या जुन्या नोंदींची नक्कल मागावी. त्या शेताच्या खालच्या भागांवर पाण्याचा दोष दाखवलेला असेल, तर जमीन कालव्यापूर्वीच चिबड होती. नसेल, तर बांधकरी यांचे पारडे जड होते.

त्याआधी एक खबरदारी घ्यावी. आज आपण पाहता तो गट क्रमांक एकत्रीकरण योजनेनंतरचा आहे. कित्येक गावांत दोन-तीन जुने सर्व्हे नंबर एका गटात गेले, त्यांतील एकच स्थानिक नाव उताऱ्यावर राहिले आणि बाकीची गळाली. त्यामुळे ‘चिबडाचे’ हे नाव आज ज्या संपूर्ण गटाला लागलेले दिसते, ते मुळात त्याच्या एका कोपऱ्याचेच असू शकते. जुना नंबर शोधल्याशिवाय प्रतवारी पाहिली, तर आपण भलत्याच मातीवर निकाल द्याल.

बांधकरी :
निरगाठ यांचा चैत्रातील कसोटीचा मुद्दा मान्य आहे. पण शुद्धमतींच्या ‘पाणथळ’ला माझा कडक विरोध आहे. पाणथळ म्हटले की डोळ्यांपुढे पाणपक्षी आणि पाणकणीस येते. ती जागा मुळात पाण्याचीच असते. चिबड म्हणजे कसलेले रान, ज्यात पाण्यामुळे पिकाचे नुकसान होते. चोपण आणखी वेगळी : ओली असताना पाय घसरतो, वाळली की दगडासारखी होते आणि वरचे पाणी आत जात नाही. क्षारपड तिसरीच. शेतकऱ्याने तीन दुखण्यांना तीन नावे ठेवली असताना आपण सगळ्यांवर एकच चिठ्ठी का चिकटवावी?

शुद्धमती :
यादी वाचणारा प्रत्येक वाचक कृष्णाकाठचा नसतो, एवढेच माझे म्हणणे होते. शब्द समजला नाही, तर त्यामागील बारकावाही वाचकापर्यंत पोहोचत नाही.

बांधकरी :
मग त्याचा अर्थ शेजारी लिहावा, शब्द बदलू नये.

कागदवाचक :
निरगाठ यांच्या सूचनेप्रमाणे जुना नकाशा आणि प्रतवारी मिळवली. हा गट खरोखरच तीन जुन्या नंबरांचा बनलेला आहे. विहिरीकडचे दोन नंबर उंचावर आहेत आणि त्यांच्या भागांवर पाण्याचे चिन्ह नाही. ओढ्याकडील तिसऱ्या नंबरात मात्र ओढ्याला लागून असलेल्या भागांवर ते आहे, आणि मधल्या भागाची प्रत त्यांच्याहून चांगली लावलेली आहे. जुन्या कागदांत शेताचे नाव लिहिलेले नाही, त्यामुळे ‘चिबडाचे’ हे नाव याच तिसऱ्या नंबराचे होते, असे मी नकाशावरून अनुमान करीत आहे. तरीही कालव्याच्या आधी येथे चिबड होती, हे आता निश्चित झाले.

सड्यावरचा :
यावरून जमीन ओली होती एवढेच ठरते, चिबूड नव्हते असे ठरत नाही. आमच्याकडे काही ठिकाणी भात निघाल्यावर त्याच शेतातील ओलीवर वेल लावतात. ओढ्याकाठी पावसाळ्यानंतर ओल टिकून राहत असेल, तर तेथेच वेल लावणे शहाणपणाचे नव्हे काय? शिवाय ‘दुमोटी’ विहीर जवळच आहे, म्हणजे उन्हाळ्यातही पाण्याची सोय होती.

निरगाठ :
ओल आणि चिबड यांत अंतर आहे. वेलवर्गीय पिकाच्या मुळांशी पाणी थांबले, तर ती कुजतात. ज्या भागांवर चिन्ह आहे, तेथे कार्तिकात वेल धरणार नाही. मधल्या, चांगल्या प्रतीच्या भागावर मात्र धरू शकेल, आणि तेवढ्यापुरते आपल्या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नाही. विहिरीच्या नावावरून आपण काढलेला अर्थ मात्र मला पटत नाही. दुमोटी याचा अर्थ विहिरीच्या काठावर दोन मोटा चालतील अशी बांधणी होती. साताऱ्याजवळच्या लिंब येथील बारा मोटांच्या विहिरीचे नावही तसेच बांधणीवरून आहे. दोन्ही मोटा बारा महिने चालत होत्या की मृगापर्यंत एकीलाच पाणी पुरत होते, हे नाव सांगत नाही. शिवाय विहीर वरच्या दोन नंबरांत असेल, तर तिचा पाट तिसऱ्या नंबरापर्यंत जात होता का, हे पाहावे लागेल. तेथे मोटेच्या धावेची उतरण अजून शिल्लक आहे का?

कागदवाचक :
धाव एका बाजूची शिल्लक आहे, दुसरीवर पंपघर उभे आहे. थारोळ्यापासून निघालेला दगडी पाट पूर्वेकडे जातो, आणि ओढा पश्चिमेला आहे.

सड्यावरचा :
पाट पूर्वेकडे जातो म्हणून पश्चिमेला दुसरा पाट नव्हताच, हे कशावरून? पंपघराखाली गेलेल्या धावेचा पाट कोणत्या दिशेला होता, हे त्या वयस्कर गृहस्थांनाच विचारावे.

शुद्धमती :
तोपर्यंत यादीत या नावापुढे काय लिहिणार आहात?

कागदवाचक :
‘चिबडाचे’ हे नाव जसेच्या तसे ठेवले आहे. अर्थाच्या रकान्यात जुन्या प्रतवारीतील पाण्याचा दोष नोंदवला असून, त्याखाली गावातील सांगी म्हणून चिबडाच्या वेलांचा उल्लेख केला आहे. आता अडचण ‘बुडकीचे’ या शेताची झाली आहे. ओढ्याकाठच्या त्या खड्ड्याला काही जण बुडकी म्हणतात आणि काही जण झिरा, आणि दोन्ही नावे एकाच गटावर वेगवेगळ्या उताऱ्यांत आढळतात.

बांधकरी :
बुडकी खणलेली असते, झिरा आपोआप असतो. तो खड्डा कोणी बांधला होता, ते आधी विचारा.