मदत हवी आहे: कथेतील बातमीदार मुलगी जिनांचे जन्मवर्ष कसे पडताळेल?

कथालेखिका

नमस्कार. दिवाळी अंकासाठी एक लघुकथा लिहीत आहे आणि तिच्या मध्यावर अडले आहे. मुंबईतील एका दैनिकात नुकतीच रुजू झालेली उपसंपादक मुलगी मलबार हिलवरील जिना हाउसवर चौकट लिहिते आहे. पान पावणेअकराला सोडायचे आहे आणि दहा वाजून दहा मिनिटांनी वृत्तसंपादक तिला सांगतात, "जन्मवर्ष दोन ठिकाणी बघ, मगच दे." तिच्या मजकुरात बॅ. महंमद अली जिना यांचे जन्मवर्ष १८७६ आहे. ग्रंथालयातील दोन संदर्भग्रंथांत तेच सापडते आणि ती सुटकेचा श्वास टाकते. एवढ्यात कात्रणांच्या पाकिटातून पिवळी पडलेली एक चिठ्ठी निघते. कोणीतरी पेन्सिलीने लिहिले आहे: "मदरसा नोंदवही, २० ऑक्टोबर १८७५."

आता तिने काय करावे? दोन संदर्भ जुळलेच आहेत, तर चिठ्ठी बाजूला ठेवणे पत्रकारितेच्या दृष्टीने चूक ठरेल का? पस्तीस मिनिटांत ती वास्तवात कुठवर पोहोचू शकेल?

साताऱ्याचा वाचक

यात अडचण कसली? शाळेची नोंदवही म्हणजे अस्सल कागद, तेव्हा १८७५ हेच खरे. शंका असेल तर कराची नगरपालिकेचा जन्मदाखला पाहावा, विषय संपला.

निवृत्त वृत्तसंपादक

वरील उत्तर अर्धे बरोबर आहे. कराचीतील सिंध मदरशाच्या नोंदवहीत २० ऑक्टोबर १८७५ ही तारीख असल्याचे स्टॅन्ली वोल्पर्ट यांनी १९८४ च्या चरित्रात नोंदवले आहे, आणि ती नोंद जिना विद्यार्थी असतानाची म्हणून तिचे वजन मोठे. परंतु कराची नगरपालिका १८७९ पूर्वी जन्मदाखले देतच नव्हती, त्यामुळे निकाल लावणारा तिसरा कागद मिळण्याची आशा नाही.

तुमच्या नायिकेची खरी चूक वेगळी आहे. तिने पुस्तके मोजली, त्यांची मुळे मोजली नाहीत. २५ डिसेंबर १८७६ ही तारीख पुढे जिनांनी स्वतः सांगितलेली, आणि पाकिस्तानात तीच अधिकृतपणे पाळली जाते. दोन्ही संदर्भग्रंथांनी तीच उचलली असेल, तर तिच्या हातात दोन नव्हे, एकच स्रोत आहे. म्हणून ती चिठ्ठी हाच तिचा दुसरा स्रोत, आणि तो पहिल्याशी जुळत नाही. तिने धावत जाऊन शोधायचे ते त्या चिठ्ठीचे मूळ. वोल्पर्टचे पुस्तक कपाटात असेल, तर दहा मिनिटांत ते पान सापडेल.

नागपूरकर

माझ्या वडिलांच्या दाखल्यावर १ जून आहे, कारण शाळेत घालताना गुरुजींनीच ती तारीख टाकली. आजी मात्र त्यांचा जन्म ऐन थंडीतला सांगत असे. निवृत्तीवेतनासाठी दाखल्यावरची तारीख बदलून घेता येते का, कोणी सांगेल का?

निवृत्त वृत्तसंपादक

त्यासाठी वेगळा धागा काढावा. मात्र तुमचे उदाहरण इथे उपयोगी आहे. शाळेची नोंद म्हणजे दाखल करणाऱ्याने त्या दिवशी जे सांगितले ते, आणि शाळेत बसवण्यासाठी वय कमी-जास्त सांगणे ही आपल्याकडे सर्रास गोष्ट होती. सरदार पटेलांची ३१ ऑक्टोबर हीदेखील मॅट्रिकच्या अर्जावर त्यांनीच लिहिलेली तारीख आहे. म्हणूनच १८७५ सिद्ध झाले असे मी लिहू देणार नाही.

कथालेखिका

मनापासून आभार. म्हणजे तिला वोल्पर्टचे पान मिळाले, तरी नोंदवही तिने डोळ्यांनी पाहिलेली नसेल. मग चौकटीत नेमके काय छापावे?

निवृत्त वृत्तसंपादक

मी असे छापले असते: "अधिकृत जन्मतारीख २५ डिसेंबर १८७६, चरित्रकार वोल्पर्ट यांच्या मते सिंध मदरशाच्या नोंदवहीत २० ऑक्टोबर १८७५." कोणी पाहिले, हे त्याच वाक्यात आले पाहिजे. शिवाय तिला छायाचित्राखालची ओळ तपासायला लावा. जिनांचे निधन ११ सप्टेंबर १९४८ रोजी झाले. पहिल्या तारखेने ते वय ७१ येते आणि दुसरीने ७२. मजकुरात वर्ष दुरुस्त होते आणि ओळीत "७१ व्या वर्षी" तसेच राहून जाते, हे मी कित्येकदा पाहिले आहे. घाईत ते वय काढून टाकणेच बरे. घर १९३६ मध्ये क्लॉड बॅटली यांनी बांधले, त्या वाक्याला या वादाचा धक्का लागत नाही.

साताऱ्याचा वाचक

दोन तारखा छापल्या तर वाचक म्हणेल की वृत्तपत्राला काहीच ठाऊक नाही. मला अजूनही एकच वर्ष द्यावे असे वाटते.

कथालेखिका

माझे वृत्तसंपादकही नेमके हेच म्हणणार आहेत. दहा चाळीसला ती ओळीतले वय खोडते आणि दोन तारखांचे वाक्य त्यांच्यापुढे ठेवते, इथवर आता लिहिता येईल. ते वाक्य पानात राहते की नाही, हे मात्र मी अजून ठरवलेले नाही.