मदत हवी आहे: बसल्यावर दुसऱ्या दिवशी चेहरा सुजतो आणि गाल लालच राहतात. हे सगळं दारूचंच का?

मानेवाडा_रिंगरोड
नमस्कार मंडळी. वय 38, होलसेलचा धंदा. आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी पार्ट्यांसोबत बसणं होतंच. व्हिस्की, साधारण तीन मोठे पेग, वर शेव-चिवडा, आणि शनिवारी सावजी मटण.
वर्षभरापासून दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांखाली थैल्या येतात, अंगठी बोटात रुतते. दुपारच्या जेवणापर्यंत उतरतं. पिताना दुसऱ्या पेगलाच गाल, कान, मान लाल होऊन तापतात. आता तर न पिताही गालांवरची लाली जात नाही, आणि त्यावर कोंड्यासारखी सालं निघतात. औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली आहे. रोज रात्री लावतो, लावली की बरं वाटतं.
कातडी कोरडी आणि चेहरा मात्र पाणी भरल्यासारखा, हे एकाच वेळी कसं? आणि पिणं कमी केलं तर यातलं नेमकं काय जाईल? ‘सोडून द्या’ हे घरी रोज ऐकतो, इथे कारण सांगा.

ऑरेंजसिटी_भाऊ
भाऊ, सोपं आहे. दारूनं अंगातलं पाणी जाते. एका पेगमागे एक ग्लास पाणी मार, कातडी आपोआप तुकतुकीत होते. अन् व्हिस्की कायले पितो? बिअर घे, त्यात पाणीच पाणी.

त्वचा_ओपीडी
धरमपेठेतल्या एका क्लिनिकमध्ये बसते, असे चेहरे रोज पाहते. भाऊंचं अर्धं बरोबर आहे. मेंदूतून एक हार्मोन सुटतं, ते मूत्रपिंडांना ‘पाणी धरून ठेवा’ सांगतं. दारू त्यालाच दाबते, म्हणून दोन पेगांतच लघवीला पळावं लागतं. मध्ये मध्ये पाणी प्यायलं तर तहान आणि डोकेदुखी जरा कमी होते, पण हार्मोन दबलेलंच असल्यामुळे त्यातलंही बरंचसं बाहेर जातं.
पहाटेकडे दारू उतरते तसं ते हार्मोन उसळून वर येतं आणि शरीर पाणी धरायला लागतं. त्यात शेव-चिवड्याचं आणि तर्रीचं मीठ, म्हणजे धरलेलं पाणी सुटत नाही. तुम्ही आडवे असता, म्हणून ते चेहऱ्याकडेही साचतं, आणि डोळ्यांखालची कातडी सगळ्यात पातळ, त्यामुळे तिथे आधी दिसतं. उभं राहून हिंडलं-फिरलं की दुपारपर्यंत उतरतं. रात्री पाणी गेलं आणि सकाळी साचलं, दोन्ही खरं.
सालं निघणं हा वेगळा मामला. कातडीच्या वरच्या थरातला ओलावा पाण्याच्या ग्लासांवर फारसा अवलंबून नसतो, तो थर शाबूत आहे का यावर असतो. दारूनं थोडी भर पडते, पण रात्रभर एसी, कडक गरम पाणी आणि चेहऱ्याला अंगाचा साबण, ही तिकडी जास्त नडते. मे महिन्यात कूलरवाल्यांचे गाल एसीवाल्यांपेक्षा बरे असतात, कूलर हवेत ओल तरी सोडतो.
बिअरचं म्हणाल तर 650 मिलीची 8 टक्क्यांची स्ट्राँग बाटली म्हणजे 52 मिली अल्कोहोल. 60 मिलीच्या मोठ्या पेगात 25-26 मिली. एक बाटली म्हणजे दोन मोठे पेग, हिशेब करा.
आणि त्या ट्यूबवर काय लिहिलंय ते इथे टाका.

वर्धारोड_काकू
आमच्या यांचंही असंच. पण यांचे पाय सुजतात, संध्याकाळी मोज्यांचे वळ पडतात. हे रोज क्वार्टर घेतात. मी वाचलं आणि ठरवलं, उद्यापासून बाटली घरात येऊच द्यायची नाही.

त्वचा_ओपीडी
काकू, थांबा. तुमचं प्रकरण वेगळं आहे. नडगीवर बोटानं दाबा. खड्डा पडून तसाच राहिला तर फिजिशियनकडे जा. यकृत, मूत्रपिंड आणि हृदय, तिन्ही बघावे लागतात. डोळे पिवळट वाटले, पोट फुगलं किंवा लघवीला फेस येत असेल तर उद्यावर ढकलू नका.
एक विचारते, सकाळी त्यांचे हात कापतात का? घाम सुटतो का?

वर्धारोड_काकू
चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. मी वयाचं समजत होते.

त्वचा_ओपीडी
मग बाटली एकदम बंद करू नका. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तोडली तर पहिल्या दोन दिवसांतच फिट येऊ शकते, पुढे भ्रमही होतो. मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत न्या. औषध देऊन सोडवतात, गरज पडली तर भरती करतात. फिट आली किंवा असंबद्ध बोलायला लागले तर सरळ कॅज्युअल्टी.

मानेवाडा_रिंगरोड
माझे हात स्थिर आहेत. ट्यूबवर मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन लिहिलंय. सहा-सात महिने लावतोय.

त्वचा_ओपीडी
तोच अंदाज होता. मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. चेहऱ्यावर महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते, खालच्या शिरा दिसतात आणि लाली कायमची बसते. ट्रेटिनॉइननं सालं निघतात. म्हणजे तुमच्या तक्रारीतलं बरंच काही ग्लासातून नाही, ट्यूबमधून आलंय.
पेगबरोबरची लाली मात्र दारूची. ती शिरा रुंद करते, आणि शरीरात तिचं जे ॲसिटाल्डिहाइड होतं तेही करतं. सावजीचं तिखट त्यात स्वतःची भर घालतं. ओळखायचं असेल तर एक शनिवार नुसतं सावजी खा.
ट्यूब मनानं एकदम बंद करू नका, लाली आणि जळजळ उसळते. त्वचेच्या डॉक्टरकडून उतरवून घ्या.

ऑरेंजसिटी_भाऊ
सावजी अन् नुसतं? ही शिक्षा आहे मॅडम.

मानेवाडा_रिंगरोड (महिन्याभरानं)
मंडळी, अपडेट. बसणं आठवड्यात एकदाच, दोनच पेग, चिवड्याऐवजी काकडी. पहिल्या आठवड्यातच सकाळच्या थैल्या गेल्या, अंगठी साबण न लावता निघते. झोप मात्र सुरुवातीला उलट बिघडली होती, आता लागते.
नुसतं सावजी खाऊन पाहिलं. घाम, नाक, कान लाल, पण अर्ध्या तासात साफ. सकाळी डोळे थोडे जड होते, पहिल्यासारखे नाहीत.
गालांची लाली जशीच्या तशी. डॉक्टरांनी ट्यूब हळूहळू उतरवायला दिली, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन सांगितलं. सालं कमी झाली. नाकाशेजारच्या बारीक लाल रेषा क्रीमनं जाणार नाहीत, त्रास वाटला तर पुढे लेझर, असं म्हणाले. ही ट्यूबच्या सवयीची लाली की रोझेशिया, म्हणजे गाल-नाक लाल राहण्याचा त्वचेचा आजार, हे ट्यूब पूर्ण सुटल्यावरच कळेल म्हणे.
एक कोडं उरलं. रमनं मला कमी लाल व्हायला होतं, व्हिस्कीनं जास्त. असं असतं का?

सीताबर्डी_वाला
माझं तर रेड वाइननं होतं, एकाच ग्लासात. व्हिस्कीला काहीच नाही.

त्वचा_ओपीडी
वाइनमध्ये हिस्टामिन असतं, त्यामुळे काहींना होतं. रम-व्हिस्कीचं इथे बसून सांगता येणार नाही. रम कोकमध्ये सावकाश घेता आणि व्हिस्की भराभर, असं तर नाही ना?

मानेवाडा_रिंगरोड
रम थंडीतच घेतो, गच्चीवर.

ऑरेंजसिटी_भाऊ
घ्या! डिसेंबरात गच्चीवर कोणाचे गाल गरम होऊन राहिले बे?